कांदा-लसूण नाही, कंदमुळं नाहीत: वजन उतरवताना प्रथिनांची आखणी कशी करायची

वजन कमी करायला निघालेल्या जैन घरातल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो हमखास असा: "तुमच्याकडे काही चालतच नाही, मग खाणार काय?" या प्रश्नामुळेच बरेच जण चुकीच्या जागी शोधाशोध करतात. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळं, सुरण, ओलं आलं या सगळ्यांत मिळून प्रथिनं जवळजवळ नसतातच. ती ताटातून गेली म्हणून प्रथिनांचं काही नुकसान होत नाही. अडचण येते ती त्यांच्या जागी जे येऊन बसतं त्याने. बटाट्याच्या जागी तळलेली कच्ची केळी येते, कांद्याच्या वाटणाच्या जागी काजू-मगज येतो, आणि सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून दुपारी चारच्या सुमाराला शेव-चिवडा येतो. वर आमटी पातळ असते. मग दिवसभर खाऊनही प्रथिनं अपुरी आणि कॅलरी भरपूर, अशी स्थिती होते.

हा लेख त्या दोन गोष्टी दुरुस्त करण्यासाठी आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या मराठी जैन घरात जे रोज शिजतं, तेच धरून लिहिलंय. दिगंबर आणि श्वेतांबर घरांचे नियम थोडे वेगळे असतात आणि एकाच गल्लीतल्या दोन घरांतही फरक असतो, म्हणून जिथे मतभेद आहेत तिथे तसं सांगितलंय. तिथे तुमच्या घरची रीत तीच खरी.

आधी आपल्या घरचे नियम कागदावर लिहा

आहाराचा तक्ता करण्याआधी हे काम करा, कारण बाहेरचे तयार तक्ते इथेच फसतात. कंदमुळं नाहीत एवढंच लिहून भागत नाही. प्रथिनांच्या आखणीवर खरा परिणाम करणारे नियम पुढचे आहेत.

पहिला द्विदलाचा. कच्चं, म्हणजे न तापवलेलं दूध, दही किंवा ताक आणि डाळ-कडधान्य एकत्र खायचं नाही. याचा अर्थ थालीपिठावर दही नाही, कारण भाजणीत डाळी असतात. धिरड्याबरोबर दही नाही, खिचडीबरोबर ताक नाही, दहीवडा नाही. बाहेरच्या तक्त्यात "एक वाटी डाळ आणि एक वाटी दही" हे दुपारच्या जेवणात बिनधास्त लिहिलेलं असतं, ते आपल्याला चालत नाही. काही घरांत ताक आधी चांगलं तापवून मग त्यात बेसन घालून कढी करतात, काही घरांत तीही करत नाहीत. शेंगदाण्यातून तेल निघतं म्हणून अनेक घरांत तो द्विदलात धरत नाहीत, पण तेही विचारून घ्या. माझ्या मते यावर सरळ तोडगा एकच: दह्याला दिवसातली स्वतःची वेगळी वेळ द्यायची.

दुसरा शिळ्याचा. पाण्यात शिजवलेलं अन्न रात्र ओलांडून खायचं नाही. रविवारी डाळ शिजवून आठवडाभर खायची, हा सगळीकडे सांगितला जाणारा उपाय इथे बाद होतो. रात्रभर आंबवलेलं इडलीचं पीठही कित्येक घरांत चालत नाही. म्हणून साठवण करायची ती कोरड्या वस्तूंची: भाजलेले चणे, डाळं, जवसाची चटणी, कोरडं पीठ.

तिसरा मोडांचा. मोड आलेलं कडधान्य अनेक घरांत अनंतकाय म्हणून वर्ज्य असतं. याची हळहळ वाटून घेऊ नका. मोड आल्याने प्रथिनं वाढत नाहीत. दाणा पाणी पितो आणि वजनाने जड होतो, त्यामुळे शंभर ग्रॅम मोडांत शंभर ग्रॅम कोरड्या मटकीपेक्षा प्रथिनं बरीच कमी असतात. भिजवून, मोड येऊ न देता केलेल्या उसळीत तुमचं काही हुकत नाही.

चौथा वेळेचा आणि तिथींचा. सूर्यास्ताआधी जेवण, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही (श्वेतांबर घरांत तिथी जास्त असतात), चातुर्मासात पालेभाज्या नाहीत. या दिवसांची आखणी वेगळी करावी लागते, ती पुढे येईल.

किती प्रथिनं हवीत ते ठरवा

निरोगी प्रौढ माणसाला रोज दर किलो वजनामागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत आहे. पण ते वजन स्थिर असलेल्या माणसासाठी. कमी खाऊन वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि भूकही जास्त लागते, म्हणून किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरतात. वजन बरंच जास्त असेल तर आजच्या वजनावर हिशेब न करता, उंचीला शोभेल त्या वजनावर करा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा ३८ वर्षांची बाई आहे, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ७२ किलो, बसून नोकरी आणि घरचं काम. तिच्या शरीराला दिवसाला साधारण १९०० कॅलरी लागतात. १५५० च्या आसपास खाल्लं तर वजन हळूहळू, पण नक्की उतरतं. प्रथिनांसाठी ६० किलो धरले आणि १.२५ ने गुणलं तर ७५ ग्रॅम येतात. हे तिचं लक्ष्य.

आता ती सध्या काय खाते ते पाहा. सकाळी कोबी घातलेले पोहे आणि चहा. दुपारी दोन चपात्या, भाजी, वाटीभर वरण आणि भात. चार वाजता पुन्हा चहा आणि मूठभर शेव-चिवडा. सहाला दोन चपात्या, भाजी आणि पेलाभर दूध. हे सगळं मोजलं तर प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपास येतात. तिला मात्र वाटतं की रोज वरण आहे, दूध आहे, म्हणजे प्रथिनं भरपूर.

इथे वरणाकडे जरा जवळून पाहायला हवं. घरी चार जणांसाठी वरण लावताना तुरीची डाळ साधारण एक लहान वाटी, म्हणजे १०० ग्रॅम घेतली जाते. कोरड्या तूरडाळीत शंभराला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. चौघांत वाटली की प्रत्येकाच्या वाटीत साडेपाच ग्रॅम. वाटी काठोकाठ भरलेली असते, पण तिच्यात बहुतांश पाणी असतं. म्हणून पुढचा सगळा हिशेब शिजलेल्या वाटीत करू नका, कोरड्या डाळीच्या ग्रॅममध्ये करा. स्वयंपाकघरात एक साधा वजनकाटा ठेवा. आठ-दहा दिवस मोजलं की हाताला अंदाज येतो आणि मग काट्याची गरज उरत नाही.

प्रथिनं कशातून घ्यायची, आणि ती किती कॅलरीत पडतात

वजन उतरवताना "यात प्रथिनं आहेत का" हा प्रश्न अर्धाच असतो. दहा ग्रॅम प्रथिनांसाठी किती कॅलरी मोजाव्या लागतात, तो खरा प्रश्न.

कोणतीही डाळ किंवा कडधान्य घ्या, कोरडं ४० ते ५० ग्रॅम घेतलं की दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि कॅलरी दीडशेच्या आसपास जातात. मूग, मसूर, उडीद थोडे वरचढ, हरभरा थोडा मागे, पण फरक किरकोळ आहे. घरचं पनीर ५५ ग्रॅम घेतलं तर तेवढीच प्रथिनं, कॅलरीही तेवढ्याच. साधं दही मात्र ३०० ग्रॅम लागतं. शेंगदाणे ४० ग्रॅम पुरतात, पण त्यांत तेल भरपूर असल्याने कॅलरी सव्वादोनशेच्या वर जातात. बदामाचं तर विचारू नका, पन्नास ग्रॅम खावे लागतात आणि जवळजवळ तीनशे कॅलरी होतात. सकाळचे पाच बदाम जरूर खा, पण त्यांना प्रथिनांच्या खात्यात मोजू नका.

सगळ्यात स्वस्तात पडतं ते सोयाबीन. सोयावडी कोरडी २० ग्रॅम घेतली की दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि कॅलरी जेमतेम सत्तर. काही घरांत ती वडी दिसायला आणि चावायला मांसासारखी लागते म्हणून मन घेत नाही. ही अडचण खरी आहे, तिथे जबरदस्ती करू नका. त्याऐवजी गव्हाच्या दळणात किलोमागे शंभर ग्रॅम सोयाबीन हलकं भाजून घाला. चपातीच्या चवीत फारसा फरक पडत नाही आणि प्रत्येक चपातीमागे थोडी भर पडते. फक्त त्या चपातीत आता कडधान्य आलंय हे लक्षात ठेवा, कच्च्या दह्याशी तिची गाठ घालता येणार नाही.

दुसरी कामाची वस्तू म्हणजे साय काढलेल्या दुधाची पावडर. तिच्यात शंभराला ३५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि चरबी नावापुरती. अर्धा लिटर टोन्ड दुधात ३० ग्रॅम पावडर गाठी न होता मिसळा, उकळी आणा, कोमट झाल्यावर विरजण लावा. दही घट्ट, कापता येईल असं लागतं. त्यातलं निम्मं खाल्लं की १३ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि साध्या दह्यातून जेमतेम आठ मिळाली असती. हे दही तुमच्या घरच्या मर्यादेच्या वेळेतच संपवा.

पनीर घरी करणार असाल आणि दूध म्हशीचं असेल, तर आधी तापवून गार करा, साय काढून घ्या आणि मग लिंबाच्या रसाने फाडा. म्हशीच्या सायीसकट दुधाचं पनीर चवीला छान लागतं, पण कॅलरी खूप वाढतात. निथळलेलं पाणी फेकू नका, त्याच दिवशी चपातीची कणीक मळायला वापरा.

प्रथिनांची पावडर घ्यायचीच असेल तर व्हे दुधापासूनच बनते, पण ती बहुधा चीज करताना निघते आणि चीज करताना काही ठिकाणी जनावराच्या जठरातलं एन्झाइम वापरतात. डब्यावर हिरवी खूण पाहा आणि शंका असल्यास कंपनीला विचारा. मला विचाराल तर वर दिलेल्या वस्तूंनी ७५ ग्रॅमची गरज पावडरीशिवाय भागते.

चव आणि वाटण: कॅलरी इथे लपतात

कांदा-लसूण नसलेल्या रश्श्याला दाटपणा आणायला काजू, मगज, साय किंवा भरपूर दाण्याचा कूट घालायची सवय असते. माणशी ३० ग्रॅम काजू गेले तर पावणेदोनशे कॅलरी त्याच्याच होतात, आणि त्या भाजीच्या नावाखाली जातात. यावर सगळ्यात चांगला उतारा म्हणजे दुधी. सालं काढलेला दुधी आणि टोमॅटो कुकरमध्ये एक शिट्टी करून घ्या, गार झाल्यावर मिक्सरमध्ये फिरवा. हे वाटण दाट होतं, रंग धरतं आणि त्यात कॅलरी फारशा नसतात. लाल भोपळाही चालतो, पण तो गोडसर लागतो, म्हणून त्याच्याबरोबर आमसूल घाला.

कांद्याचा जो कुरकुरीत, गोडसर पोत पोह्यांत किंवा भाजीत हवासा वाटतो, तो बारीक चिरलेल्या कोबीने येतो. ज्या घरी कोबी चालत नाही तिथे ढोबळी मिरची. वासासाठी हिंग, पण तो तेल तापल्यावर आधी घाला आणि लगेच जिरं-कढीपत्ता टाका, म्हणजे करपत नाही. आल्याच्या जागी सुंठपूड, आणि तीही चिमूटभरच, नाहीतर आमटी औषधासारखी लागते.

आमच्या भागात एक सापळा आहे तो म्हणजे कांदा-लसूण मसाला. कोल्हापूर-सांगलीकडे तिखट म्हणून डब्यात बहुधा तोच असतो. नवीन लग्न होऊन आलेल्या सुना किंवा घराबाहेर राहणारी मुलं नेमकी इथेच अडतात. वर्षाचं तिखट करताना घरचा बिनकांद्याचा मसाला वेगळा करून घ्या: मिरची, धणे, जिरं, सुकं खोबरं, तीळ, खसखस आणि खडा मसाला. बाजारातली तयार पाकिटं, अगदी ओट्स आणि नुसत्या मिठाची वाटणारी बिस्किटंसुद्धा, वाचून घ्या, कारण कांद्या-लसणाची पूड बऱ्याचदा त्यांत असते.

याच मसाल्यात केलेला अख्खा मसूर हा वजन उतरवणाऱ्यासाठी मला फार मोलाचा पदार्थ वाटतो. इस्लामपूर-कराड पट्ट्यात ढाब्यांवर तो भरपूर कांदा-लसणात मिळतो, पण त्यांच्याशिवाय केला तरी चव राहते. माणशी ५० ग्रॅम अख्खा मसूर धुवून घ्या. याला रात्रभर भिजवावं लागत नाही, म्हणून ज्या घरांत रात्री भिजवणंही टाळतात तिथे हा सोयीचा. दुप्पट-अडीचपट पाणी आणि हळद घालून कुकरला चार शिट्ट्या करा. दाणा मऊ व्हायला हवा पण फुटायला नको. कढईत माणशी एक चमचा तेल, हिंग, जिरं, कढीपत्ता, मग दुधी-टोमॅटोचं वाटण. ते कडेने तेल सोडेपर्यंत परता. तेल कमी असल्याने फार सुटणार नाही, पण कच्चा वास जायला हवा. मग मसाला, चमचाभर भाजलेल्या तिळा-खोबऱ्याचा कूट आणि शिजलेला मसूर. पाणी बेताचं ठेवा, भाकरीने उचलता आला पाहिजे. यात १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि वाटण-तेलासकट अडीचशे कॅलरी होतात.

आता दिवस मांडा

आपल्या उदाहरणातल्या बाईचा नेहमीचा दिवस असा बदलतो.

सकाळी आठला मूगडाळीची धिरडी. ५० ग्रॅम डाळ उठल्या उठल्या भिजत घाला, दोन तासांत वाटण्याजोगी होते. त्यात हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, किसलेला दुधी किंवा दोडका घाला आणि चमचाभर तेलावर दोन धिरडी काढा. बरोबर दोन चमचे शेंगदाण्याची चटणी आणि बिनसाखरेचा किंवा अर्धा चमचा साखरेचा चहा. प्रथिनं १६ ग्रॅम, कॅलरी तीनशेच्या थोड्या वर.

अकराला कामावर भाजलेले चणे मूठभर, म्हणजे २० ग्रॅम. प्रथिनं ४ ग्रॅम, कॅलरी पंच्याहत्तर.

एकला ज्वारीची एक भाकरी, वर सांगितलेला अख्खा मसूर, दोडका, भेंडी किंवा गवारीची भाजी आणि काकडीचे काप. इथे दही-ताक नाही. प्रथिनं २० ग्रॅम, कॅलरी सव्वापाचशेपर्यंत.

चारला ते घट्ट दही, २५० ग्रॅम. त्यात डाळिंबाचे दाणे चालतील किंवा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. शेव-चिवड्याची जागा याने घ्यायची आहे. प्रथिनं १३ ग्रॅम, कॅलरी दोनशे. जेवणातली डाळ आणि हे दही यांत तीन तासांचं अंतर राहतं. ज्या घरांत तोंड स्वच्छ धुवून मगच दही घेतात, त्यांनी तसं करावं.

सहाला दोन लहान फुलके, ८० ग्रॅम पनीर घातलेली ढोबळी मिरची किंवा मटार-टोमॅटोची भाजी, आणि वाटीभर दुधी किंवा पडवळ. प्रथिनं २२ ग्रॅम, कॅलरी साडेचारशे.

बेरीज ७५ ग्रॅम प्रथिनं आणि १५५० कॅलरी. प्रत्येक मोठ्या खाण्यात पंधरा-वीस ग्रॅम येतात, हे महत्त्वाचं, कारण एकाच जेवणात सगळं कोंबलं तर बाकीच्या वेळी भूक आवरत नाही.

सहाच्या जेवणाबद्दल एक खास सांगायचं आहे. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि कामावरून घरी यायलाच साडेसहा होतात. अशा वेळी बरेच जण संध्याकाळी फळ किंवा मूठभर चिवड्यावर भागवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुकेने तुटून पडतात. ज्यांना शक्य नाही त्यांनी दोन डबे न्यावेत. दुसऱ्या डब्यात धिरडी-चटणी किंवा फुलका आणि पनीरची कोरडी भाजी द्यावी, ती गार खाल्ली तरी बरी लागते. पाच-साडेपाचला कामाच्या जागीच जेवून घ्यावं. चार वाजताचं दही अशा दिवशी अकराला घ्यावं आणि चणे मधल्या वेळेत. सकाळी धिरडी खाल्ली असतील तर दह्याआधी पुरेसं अंतर राहतंय का तेवढं पाहावं.

वैविध्य म्हणजे रोज नवा पदार्थ नव्हे

पदार्थ तेच ठेवा, त्यातलं कडधान्य बदला. अख्ख्या मसुराच्या जागी एक दिवस चवळी, एक दिवस मटकी, एक दिवस हरभरा, एक दिवस कुळथाचं पिठलं. वाटण, फोडणी, प्रमाण तेच. धिरड्याची डाळही मूग, मसूर, उडीद-मूग अशी फिरवता येते. धान्यांतही ज्वारी, बाजरी, गहू, नाचणी आलटून-पालटून घ्या. धान्यात जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत भरपूर असतं आणि उलटंही, म्हणून दोन्ही दिवसभरात आली की पुरे. एकाच घासात असायलाच हवीत असं नाही.

भाज्यांची यादी आपल्याकडे कमी नाही: दुधी, दोडका, पडवळ, कारलं, तोंडली, भेंडी, गवार, घेवडा, शेवगा, मटार, टोमॅटो, काकडी, लाल भोपळा, आणि चातुर्मास नसताना मेथी-पालक-चवळाई. जेवणात यातली एखादी पोटभर हवी, चमचाभर तोंडी लावण्यापुरती नको. बटाट्याशिवाय भाजी अपुरी वाटते म्हणून कच्च्या केळ्याची भाजी केली तर त्या दिवशी एक फुलका कमी घ्या, कारण कच्चं केळं पिठूळच असतं.

अष्टमी-चतुर्दशीचा दिवस

हिरवी भाजी नाही म्हटलं की ताटात भात, पापड, तळलेले पदार्थ आणि गोड येतं. खरं तर कडधान्यांनी भरलेला दिवस म्हणून हा दिवस प्रथिनांना सोपा असतो. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या: तेल आणि चोथा.

सकाळी डाळ्याचं पीठ पाण्यात कालवून, मीठ-जिरेपूड-आमचूर घालून, बरोबर नाचणीची भाकरी. दुपारी चवळीची आमसूल घातलेली आमटी, माणशी ५० ग्रॅम चवळी, ज्वारीची भाकरी आणि कारळ्याची किंवा जवसाची लसूण नसलेली चटणी एक मोठा चमचा. चारला दही. संध्याकाळी खिचडी, पण प्रमाण उलटं: मूगडाळ ५० ग्रॅम आणि तांदूळ २५. त्यातून १४ ग्रॅम प्रथिनं मिळतात, नेहमीच्या खिचडीत दहाच्या आसपासच असतात. बरोबर ताक नको, आमसुलाचं सार. भाजी नसल्याने या दिवशी बद्धकोष्ठ होऊ शकतं, म्हणून धुतलेल्या डाळीपेक्षा सालासकट कडधान्य जास्त घ्या आणि दिवसा पाणी पुरेसं प्या, रात्री पाणीही घेत नसाल तर विशेष.

उपवास, एकासन, आयंबिल यांना वजनाच्या हिशेबात धरू नका. ती आराधना आहे, तिची जागा वेगळी. हिशेबात धरायचं ते पारणं, कारण शिरा, दूध आणि तळलेलं एकाच वेळी पोटात जातं. पारण्याला मुगाचं पाणी आणि मऊ मूगडाळ-भात घेतला तर पोटही बिघडत नाही.

कुठे चुकतंय हे कसं ओळखायचं

पहिल्या आठवड्यात पोट फुगतं, ते डाळ एकदम वाढल्याने. आधी रोज ७०-८० ग्रॅमवर या आणि दोन आठवड्यांत पूर्ण प्रमाणावर जा. भिजवलेल्या कडधान्याचं पाणी ओतून द्या, आमटीत हिंग-ओवा घाला, दाणा पूर्ण शिजू द्या.

तीन-चार आठवडे झाले आणि वजन हललं नाही, तर ताटाकडे न पाहता तेलाच्या डब्याकडे पाहा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल संपत असेल तर माणशी रोज तेहतीस ग्रॅम, म्हणजे तीनशे कॅलरी तेलाच्याच झाल्या, तूप वेगळं. आपल्या हिशेबातली सगळी तूट त्यात बुडते. फोडणी चमच्याने मोजा, पळीने ओतू नका.

वजन रोज वर-खाली होतं, म्हणून आठवड्यातून तीन वेळा सकाळी पोट साफ झाल्यावर घ्या आणि सरासरी काढा. नाभीजवळ टेपही लावा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरणं ठीक आहे. त्याहून झपाट्याने उतरत असेल, जिना चढताना पाय गळत असतील, केस जास्त गळत असतील, तर अन्न कमी पडतंय. अशा वेळी भाकरी नव्हे, आधी डाळ वाढवा. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला टेकून दंड किंवा डंबेल यांसारखा ताकदीचा व्यायाम नसेल, तर या प्रथिनांचा स्नायू टिकवायला अर्धाच उपयोग होतो.

बी-१२ शाकाहारी घरांत वारंवार कमी आढळतं, दूध घेत असलात तरी. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या, आणि गोळी लागलीच तर कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं नाही ना ते औषधवाल्याला विचारा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर सहाच्या जेवणापासून सकाळपर्यंतचं लांब अंतर आणि कमी केलेली भाकरी मिळून पहाटे साखर फार खाली जाऊ शकते. अशांनी हा तक्ता सुरू करण्याआधी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना सांगून औषधाचं प्रमाण आणि वेळ ठरवून घ्यावी.